मरोळच्या ऑफिसला यायचं कसं आणि गाडी लावायची कुठे

नव्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

सोमवारपासून तुम्ही मरोळच्या ऑफिसात रुजू होताय. पत्ता नियुक्तीपत्रावर आहे आणि नकाशाची लिंक ग्रुपवर टाकली आहे. तरीही हे वेगळं लिहितोय, कारण नकाशा अंतर सांगतो, अंधेरी-कुर्ला रोडवरची सकाळ सांगत नाही. साडेनऊच्या सुमाराला त्या रोडवर चारचाकी घातली की साकीनाका ते मरोळ एवढ्यासाठी अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच, की जमेल त्याने लोकल आणि मेट्रोनेच यावं.

दुसरं सांगणं त्याहून महत्त्वाचं. ऑफिसची वेळ साडेनऊची असली तरी साडेदहापर्यंत आलात तर कोणी विचारणार नाही. संध्याकाळी तेवढा वेळ भरून काढायचा, झालं. गाडी उशिरा असेल तर ग्रुपवर एक ओळ टाका आणि सावकाश या. सुटलेली लोकल धावत पकडू नका, दारात लटकू नका, पूल लांब पडतो म्हणून रूळ ओलांडू नका. लेट मार्कसाठी जीव धोक्यात घालायची वेळ या ऑफिसात कुणावर येऊ नये, म्हणूनच ही एका तासाची सवलत ठेवली आहे.

मेट्रो १ : वर्सोवा-घाटकोपर

आपलं स्टेशन मरोळ नाका. अंधेरीहून निघालात तरी ते चौथं आणि घाटकोपरहून निघालात तरी चौथंच. एअरपोर्ट रोड नावाचं स्टेशन अंधेरीकडून आपल्या आधी येतं, तिथे चुकून उतरू नका.

पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी अंधेरीला उतरायचं. रेल्वेच्या पुलावरूनच मेट्रो स्टेशनात जाता येतं, त्यामुळे खाली रस्त्यावर उतरून रिक्षांच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. वसई-विरारकडून येत असाल तर बोरिवली सुटली की दाराकडे सरकायला लागा, अंधेरी आल्यावर उठून चालत नाही. संध्याकाळी परतताना मात्र बोरिवलीपर्यंतच जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. बोरिवली गाडीला थांबा. विरारच्या लोकांना त्या गाडीशिवाय सोय नसते आणि त्या गर्दीत मध्येच उतरणं तुम्हालाही जड जाईल.

मध्य रेल्वेवाल्यांनी घाटकोपर धरावं. फास्ट गाड्या तिथे थांबतात आणि तिथेही पुलावरून थेट मेट्रोत जाता येतं. सकाळी घाटकोपरला मेट्रोची रांग पुलापर्यंत येते. ती दिसते तेवढी लागत नाही, गाड्या एकामागोमाग येत राहतात; पण तिकिटाच्या खिडकीवर उभं राहणं टाळा. मोबाईलवर आधीच तिकीट काढा किंवा मेट्रोचं कार्ड करून घ्या. लोकल, मेट्रो आणि बेस्ट या सगळ्यांची तिकिटं मुंबई वन ॲपवर निघतात. मेट्रो १ चं भाडं अंतराप्रमाणे १० ते ४० रुपये आहे.

नवी मुंबईहून हार्बरने येणाऱ्यांनी कुर्ल्याला बदलून मध्य रेल्वेने घाटकोपर गाठावं. पनवेलहून थेट अंधेरीच्या गाड्याही आहेत, पण त्या मोजक्या. तुमच्या वेळेला असेल तर उत्तम, नसेल तर तिच्यासाठी ताटकळू नका.

दहिसर-बोरिवली पूर्वेला हायवेच्या जवळ राहत असाल तर लोकल विसरा. मेट्रो ७ ने गुंदवलीपर्यंत या. तिथून पादचारी पुलाने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनात जायचं आणि मेट्रो १ ने तिसऱ्या स्टेशनला उतरायचं. बसायला जागा मिळण्याची शक्यता असलेला हा एकच रस्ता, असं तिकडचे सहकारी सांगतात.

मेट्रो ३ : भुयारी

ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि दक्षिण मुंबईतून येणाऱ्यांचं चित्रच बदललं. गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, वरळी, दादर, बीकेसी, कुठूनही बसा, मरोळ नाक्याला गाडी न बदलता उतरता येतं. भाडं १० ते ७० रुपये. भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वरच काढून ठेवा. खालून वर यायला सरकते जिने एकामागून एक चढावे लागतात, पाच-सात मिनिटं त्यातच जातात. ती धरून निघा. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी लिफ्ट घ्यावी, ती थेट रस्त्यावर आणते.

कामासाठी विमानाने जावं लागलं तर टर्मिनल २ मरोळ नाक्यापासून याच मेट्रोने पुढचंच स्टेशन आहे. टॅक्सीचं बिल लावण्याआधी हे आठवा.

स्टेशनपासून ऑफिस

मरोळ-मरोशी रोड अशी पाटी ज्या जिन्यावर आहे तिथून उतरा. विरुद्ध बाजूला उतरलात तर अंधेरी-कुर्ला रोड ओलांडावा लागेल आणि तिथे सिग्नल असूनही दुचाकी थांबत नाहीत. वर परत चढून योग्य बाजूला या, ते बरं. मरोशी रोडने सरळ चालत राहायचं. डाव्या हाताला भाजीच्या गाड्या लागतात, मग उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याला लागून झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्सच्या पुढची गल्ली आपली. गल्लीत शिरल्यावर तिसरी इमारत, खाली गाळे आणि वर निळ्या काचा. आपण दुसऱ्या मजल्यावर. सहा-सात मिनिटांचं चालणं आहे. फुटपाथ मध्ये मध्ये तुटला आहे, उंच टाचांच्या चपला घालणाऱ्यांनी जोडीला साध्या चपला ठेवाव्यात. ऑफिसात प्रत्येकाला कप्पा आहे.

पहिल्या दिवशी गेटवर नाव सांगा, रजिस्टरमध्ये सही करा. वॉचमनकाकांकडे तुमची यादी दिलेली आहे.

बस आणि रिक्षा

बेस्टची ३३२ नंबरची बस कुर्ला ते अंधेरी अशी अंधेरी-कुर्ला रोडने जाते आणि मरोळ नाक्याला थांबते. साध्या बसचं कमीत कमी भाडं १० रुपये, एसीचं १२. सकाळी ती वेळेवर पोचवेल याची खात्री नाही, दुपारच्या पाळीला येणाऱ्यांना मात्र सोयीची आहे. रिक्षा मीटरनेच करा. पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. अंधेरी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाही मिळतात. पण मेट्रो डोक्यावरून जात असताना खाली रिक्षात बसून राहण्यात काही अर्थ नाही.

महिला सहकाऱ्यांसाठी : रात्री साडेआठनंतर थांबावं लागलं तर ऑफिसची गाडी घरापर्यंत सोडते. सातपर्यंत ॲडमिनला कळवा. उशिरा कळलं तरी गाडी मिळेल, फक्त थोडं थांबावं लागेल. "कशाला त्रास" म्हणून एकट्याने निघू नका.

गाडी लावण्याबद्दल

इथे स्पष्टच सांगतो. ऑफिसात माणसं ११० आणि चारचाकीच्या जागा १४. त्यातल्या दोन अपंग सहकाऱ्यांसाठी, एक गरोदर सहकारी किंवा आजारपणातून उठून आलेल्यासाठी आणि एक पाहुण्यांसाठी कायमची राखलेली आहे. उरलेल्या दहा जागा दर तिमाहीला चिठ्ठी काढून दिल्या जातात. हुद्दा बघून नाही; संचालकांची चिठ्ठीही त्याच डब्यात असते. लांबून येणाऱ्याला जिथे लोकल-मेट्रो नाही, किंवा घरी लहान मूल वा म्हातारं माणूस आहे आणि मध्येच निघावं लागतं, त्यांनी अर्जात तसं लिहावं. त्यांचा विचार चिठ्ठीच्या आधी होतो.

जागा मिळालीच तर ती तळघरातल्या मेकॅनिकल पार्किंगमध्ये असेल. एकावर एक दोन गाड्या, खाली लोखंडी ट्रे. उंच एसयूव्ही वरच्या ट्रेमध्ये बसत नाही, तेव्हा अर्जात गाडीचं मॉडेल लिहाच. ट्रेवर गाडी घेताना चाकं दोन्ही पट्ट्यांच्या मधे आली पाहिजेत, गाडी गियरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, आरसे मिटायचे आणि सगळ्यांनी खाली उतरून पिवळ्या रेषेबाहेर यायचं. बटण फक्त पार्किंगवाले दादाच दाबतील. घाई असली तरी ते स्वतः दाबू नका, कारण ट्रे हलत असताना आत माणूस असेल तर तो वरून दिसत नाही.

दुचाकींना जागा आहे, साधारण ४० गाड्या इमारतीच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली लागतात. आरसीची प्रत देऊन ॲडमिनकडून स्टिकर घ्या आणि तो पुढे, दिव्याच्या वर लावा. सायकलींचा स्टँड त्याला लागूनच आहे.

गल्लीत गाडी लावू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. समोरच्या गाळ्यांत दिवसभर टेम्पो लागतात आणि आगीचा बंब आत यायला तेवढीच वाट आहे. टोइंग व्हॅन जवळपास रोज फिरते. चलन आलं तर ते ऑफिस भरणार नाही.

ज्यांना घरापासून स्टेशनपर्यंत दुचाकी लागतेच, त्यांनी ती स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये ठेवावी आणि पुढे लोकलने यावं. त्या पार्किंगची मासिक पावती, लोकलचा पास (कुठल्याही वर्गाचा) आणि मेट्रोचा खर्च मिळून महिन्याला २,००० रुपयांपर्यंत ऑफिस परत देतं. पाच तारखेपर्यंत पावत्या द्या.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हे सगळं गणित बदलतं. अंधेरी सबवेत जोराच्या सरीतही पाणी भरतं आणि तो बंद होतो. पश्चिमेकडून गाडीने येणाऱ्यांनी पाऊस दिसला की सबवेचा विचारच करू नये, गोखले पुलावरून यावं; तो मे २०२५ पासून पूर्ण खुला आहे. सबवेत पाणी किती आहे याचा अंदाज वरून येत नाही, "पुढची गेली म्हणजे आपलीही जाईल" असं म्हणून गाडी घालू नका.

शीव-कुर्ल्याच्या मधे रुळांवर पाणी आलं की मध्य आणि हार्बर दोन्ही अडकतात. पश्चिमेला वसई-नालासोपारा पट्ट्याची तीच गत. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर सकाळी सातच्या आत ग्रुपवर घरून काम करण्याचा निरोप येईल. निरोप आला नाही आणि तुमच्या भागात पाणी आहे, तरी निघू नका, नुसतं कळवा. रजा कापली जात नाही.

ऑफिसात असताना पाऊस वाढला तर तळघरातल्या गाड्या आधी वर काढल्या जातात. किल्ली टेबलावर ठेवा आणि फोन उचला. लोकल बंद पडल्या तर ऑफिसात थांबायची सोय आहे : चादरी आहेत, गॅस आहे, पोहे-तांदूळ भरलेले असतात. गुडघाभर पाण्यातून चालत स्टेशन गाठायची गरज नाही, उघडी गटारं त्या पाण्यात दिसत नाहीत.

रविवारी काही कामासाठी यायचं ठरलं तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून घ्या.

वाटेत अडलात, पाटी सापडली नाही, काहीही झालं तरी नियुक्तीपत्रावरच्या नंबरला फोन करा आणि एक्स्टेंशन २१४ मागा. सकाळी आठपासून कुणीतरी असतं. सोमवारी दहा ते साडेदहा मरोळ नाक्याच्या मरोशी रोडकडच्या जिन्याखाली आपला एक माणूस निळी फाईल घेऊन उभा असेल. एकत्र चालत येऊ.

ॲडमिन विभाग
दुसरा मजला, मरोळ