पाणीबंदच्या नोटिसांसाठी अधिकृत फीड मिळावा, ही विनंती

महापालिका वेबसाइट टीम, नमस्कार,

आमच्या भागातल्या सोसायट्यांना पाणी कधी बंद आहे याचे मेसेज पाठवणारा छोटा बॉट मी चालवतो, फुकट, हौस म्हणून. त्यासाठी माझी स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी तुमचं नोटीस पान उघडून टेबल वाचते. मलाच ते बरं वाटत नाही, तुमच्या सर्व्हरवर उगाच लोड, आणि तुम्ही एक कॉलम हलवला की माझं सगळं कोलमडतं. मागच्या महिन्यात तारखेच्या जागी जावक क्रमांक आला, मेसेज गेलाच नाही आणि गुरुवारी लोकांच्या टाक्या कोरड्या, शिव्या अर्थात मला.

त्यात निम्म्या नोटिसा स्कॅन केलेल्या पीडीएफ, शिक्का नेमका वॉर्डच्या नावावर. बाकीच्या जुन्या फॉन्टमध्ये, कॉपी केलं की ‘पाणी’चं `ik.kh` होतं.

तर साधा आरएसएस किंवा जेसन फीड द्याल का? एवढं पुरे, मजकूर युनिकोडमध्ये:

```json
{"id": "PB-118",
 "ward": "7",
 "from": "2025-05-15T09:00+05:30",
 "to": "2025-05-15T18:00+05:30",
 "status": "active"}
```

नोटीस रद्द झाली तर आयडी तोच ठेवून फक्त स्टेटस बदला, नवीन नोंद नको. `ETag` पण दिलात तर बदल नसताना मी काही डाउनलोडच करणार नाही. केंद्राचं 2012 चं डेटा शेअरिंग धोरणही मशीनला वाचता येईल अशाच डेटाबद्दल बोलतं.

टेस्टिंगला मी आहेच, तोपर्यंत स्क्रिप्ट तासाला एकदाच चालवतो.

आपला,
वॉर्ड 7 मधला बॉटवाला