सव्वीसशे तेरा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या फाटकावर विलास रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी करीत असे. तुरीचे ट्रक साधारण बारापर्यंत येत. त्यांचे क्रमांक आवक-जावक वहीत लिहायचे, चालकाची सही घ्यायची आणि वजनकाट्याची वाट दाखवायची, एवढे झाले की दर तासाची फेरी सोडून पहाटेपर्यंतचा वेळ त्याचा असे. त्या वेळात, तुरीच्या भुशाने पिवळट झालेल्या केबिनमध्ये, तो गेले सात महिने मुक्त विद्यापीठाच्या फळबाग उत्पादन पदविकेचा अभ्यास करीत होता. फेरीची वेळ झाली की वाक्य अर्धे राहिले तरी पुस्तक मिटायचे, हा नेम त्याने एकदाही मोडला नाही.

घरी मात्र कोणालाही हे ठाऊक नव्हते. तेरा वर्षांपूर्वी त्याने तंत्रनिकेतनात प्रवेश घेतला, तेव्हा आप्पांनी शुल्कासाठी बैलजोडी विकली होती. दुसऱ्या वर्षी तो तीन विषयांत नापास झाला, आणि ही गोष्ट त्याने चार महिने लपवून ठेवली. शेवटी ती आप्पांना चोपड्याच्या बाजारात एका परक्या माणसाकडून कळली. ते रागावले नाहीत. त्यानंतर त्यांनी शिक्षणाचा विषयच काढला नाही, आणि हे न बोलणे विलासला कोणत्याही बोलण्यापेक्षा अधिक लागले.

या वेळी गुणपत्रिका हातात आल्यावरच सांगायचे, असे त्याने ठरवले होते. परंतु जानेवारीतील एका रात्री तीनची फेरी मारताना, गोदामाच्या कुलपावर टॉर्चचा झोत टाकून तो उभा असताना, त्याच्या मनात आले की पास झालो तरच सांगायचे, हीदेखील जुनीच लपवाछपवी आहे. नापास झालो, तर आपण पुन्हा तसेच गप्प बसणार.

सुटीच्या दिवशी तो एसटीने तापीकाठच्या आपल्या गावी गेला. रात्री मायने कळण्याची भाकरी आणि भरीत केले होते. सर्वांची जेवणे होईपर्यंत तो थांबला आणि मग पिशवीतून वही काढून आप्पांसमोर ठेवली.

“आप्पा, मी पदविका करतोय. फळबागेची. परीक्षा मे महिन्यात आहे. पास होईनच असे सांगत नाही. पण या वेळी तुम्हाला आधी माझ्याकडून कळावे, म्हणून सांगतोय.”

माय भांडी आवरता आवरता थांबली. सुनीता दाराशी खाली बसली आणि म्हणाली, “अहो, मला वाटत होते तुम्ही कुणाचे कर्ज फेडताय. पगारातले पैसे कमी यायचे, आणि तुम्हाला विचारायची भीती वाटायची.” सात महिने तिने ही काळजी एकटीने वाहिली होती, हे विलासला त्या क्षणी समजले, आणि परीक्षेच्या भीतीपेक्षा त्याची लाज त्याला मोठी वाटली. “चुकलो,” तो म्हणाला. “तुला तरी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.”

आप्पांना अक्षरे जेमतेम वाचता येत. त्यांनी वहीची पाने उलटली, केळीच्या कंदाची आकृती बराच वेळ पाहिली आणि विचारले, “दीड एकरात पाच बाय पाचवर किती खोडे बसतील?”

“एका खोडाला पंचवीस चौरस फूट. एकरात त्रेचाळीस हजार पाचशे साठ. म्हणजे दीड एकरात सव्वीसशे तेरा.”

“मी दर वर्षी सव्वीसशे रोपे मागवतो,” आप्पा म्हणाले. “माझ्या वडलांनी सांगितलेला आकडा आहे. तो कशावरून आला, ते मला आज कळले.”

त्यांनी वही मिटली नाही. थोड्या वेळाने त्यांनी थंडीचे विचारले, कारण त्या आठवड्यात पारा खाली चालला होता आणि बागेतल्या कोवळ्या पानांवर चरका दिसू लागला होता. दहा अंशांखाली केळीची वाढ थांबते, म्हणून रात्री पाणी द्यावे आणि बागेभोवती धूर करावा, असे विलासने सांगितले. पाणी आप्पा देतच होते. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्री दहानंतर येत असल्याने त्यांचीही एका अर्थाने रात्रपाळीच चालू होती.

दहाला दिवे क्षणभर मंद झाले. आप्पांनी कानटोपी घातली आणि विलासही उठला.

“तू झोप. सुटी एकच दिवस मिळते तुला.”

“रात्री झोप येण्याची सवय राहिली नाही, आप्पा.”

बांधावर वाळलेल्या केळीच्या पानांचा ढीग रचून ठेवलेला होता. मोटार सुरू करून आल्यावर आप्पा त्या ढिगापाशी उभे राहिले आणि त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

“कोणत्या बाजूने पेटवायचे?”

विलासने ओले बोट हवेत धरले. “वारा येतो त्या बाजूने. धूर बागेवरून जायला हवा.”

आप्पांनी काडेपेटी त्याच्या हातात दिली.