बॅच 214 परत मागवत आहोत: सुकी लसूण-खोबरं चटणी, 200 ग्रॅम

घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर आमच्या सुक्या लसूण-खोबरं चटणीचं पाकीट आधी बाजूला ठेवा. मग पुढचं वाचा.

या चटणीच्या एका बॅचमधल्या काही पाकिटांत शेंगदाणा-लसूण चटणी भरली गेली आहे. पाकिटावर छापलेल्या घटकांत शेंगदाणा नाही, आत मात्र आहे. म्हणून आम्ही ती संपूर्ण बॅच परत मागवत आहोत.

पाकिटाच्या मागे खालच्या कोपऱ्यात हे छापलेलं दिसेल: बॅच क्र. 214, पॅकिंग 09/06/2025, वजन 200 ग्रॅम, किंमत 110 रुपये. बॅच 214 नसेल तर तुमचं पाकीट यात येत नाही. आकडा पुसला गेला असेल किंवा पाकीटच फेकलं असेल, तर एवढंच आठवा: ही चटणी 12 ते 20 जूनच्या दरम्यान सातारा, वाई, कराड किंवा पुण्याच्या दुकानातून घेतली होती का, किंवा त्या दिवसांत कुरिअरने आली होती का? असेल तर ती 214च धरा.

ज्यांना शेंगदाणा चालतो, त्यांना या चटणीने काही होणार नाही. ती खराब झालेली नाही, तिच्यात भेसळ नाही, बुरशी नाही. तुम्ही आठवडाभर भाकरीबरोबर खाल्ली असेल तर काळजीचं कारण नाही. पण ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याच्या जिवावर बेतायला अगदी थोडा कूटही पुरतो. म्हणून तुमच्या घरात कुणालाही ॲलर्जी नसली तरी हे पाकीट आम्हाला परत हवं आहे. चटणी एका घरात राहत नाही. शेजारी वाटी जाते, हॉस्टेलवरच्या मुलाला डबा जातो, शाळा नुकत्याच सुरू झाल्यात आणि मधल्या सुट्टीत डबे एकमेकांत फिरतात. तुम्ही ती कुणाला दिली असेल तर आज त्यांना एक फोन करा. या पोस्टमधून आम्हाला सगळ्यात जास्त हवं आहे ते हेच, कारण त्या माणसांपर्यंत आम्ही पोचू शकत नाही, तुम्ही पोचू शकता.

बरणीचं वेगळं सांगायला हवं. सुकी चटणी घरी आली की बहुतेक जण ती काचेच्या बरणीत काढतात आणि पाकीट कचऱ्यात जातं. मग बॅच नंबर कुठेच उरत नाही. अशी बरणी असेल आणि खरेदी वरच्या तारखांतली असेल, तर चटणी काढून टाका. जुन्या चटणीवरच नवी ओतली असेल तर सगळीच काढा. बरणी, झाकण आणि तो चमचा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. नुसतं पुसणं पुरत नाही, आणि सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही.

चाखून किंवा वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. दोन्ही चटण्या लाल, दोन्हींत लसूण पुढे, दोन्ही भरड. रोज चटण्या कुटणाऱ्या आमच्या ताईंनाही पाकीट हातात घेऊन बाहेरून सांगता आलं नाही. भाजीत किंवा फोडणीत घालून शिजवली की चालेल, असंही नाही. शिजवल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी टळत नाही. आमचे दाणे तर आधीच खरपूस भाजलेले असतात.

आता तब्येतीबद्दल. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने ही चटणी खाल्ली असेल, तर त्रास बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होतो. अंगावर गांधी उठणं, तोंडात-घशात खाज, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, उलटी, पोटात कळ, आवाज बसणं, श्वासाला घरघर, चक्कर. श्वास अडकतोय, जीभ सुजतेय किंवा माणूस गळून जातोय असं दिसलं तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलं असेल तर ते लगेच द्या आणि तरीही दवाखान्यात न्या. ॲलर्जीची गोळी देऊन थांबू नका, गंभीर त्रासात ती पुरेशी नसते. रुग्णाला आडवं झोपवा, उठवून चालवत नेऊ नका. श्वासाला त्रास असेल तर बसू द्या. चटणी खाऊन काही दिवस झाले असतील आणि काहीच झालं नसेल, तर त्या खाण्याची भीती आता नाही. पण पूर्वी थोडक्यात निभावलं म्हणून पुढच्या वेळीही निभावेल, असं या ॲलर्जीत धरता येत नाही.

पैसे असे मिळतील. पाकिटाच्या मागच्या बाजूचा, बॅच नंबर दिसेल असा फोटो याच खात्यावर मेसेजमध्ये पाठवा, सोबत तुमचा यूपीआय आयडी लिहा. बिल लागत नाही. पाकीट फोडलेलं, अर्धं किंवा रिकामं असलं तरी पूर्ण 110 रुपये मिळतील. पाकीटच नसेल तर कुठून आणि साधारण कधी घेतलं ते लिहा, तेवढं पुरे. दोन कामाच्या दिवसांत पैसे जमा होतील. यूपीआय नको असेल तर ज्या दुकानातून घेतलं तिथे पाकीट द्या आणि रोख घ्या. दुकानदारांशी आमचं बोलणं झालं आहे. आम्ही तुम्हाला कोणतीही लिंक, क्यूआर कोड किंवा ओटीपी मागणारा मेसेज पाठवणार नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. तसं कुणी आमच्या नावाने सांगितलं तर तो फोन ठेवून द्या.

दुकानात देणं जमत नसेल तर चटणी पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. कामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमनकाकांना देऊ नका. वाया जाऊ नये म्हणून दिलेली चटणी कुणाच्या घरी जाईल आणि तिथे कोण असेल, हे आपल्याला माहीत नसतं. परदेशी मुलांकडे पाठवली असेल तर त्यांना तिथेच टाकून द्यायला सांगा, पैसे तुमच्या खात्यावर येतील.

एक विनंती वारीतल्या माणसांसाठी. ही चटणी टिकते म्हणून काही जणांनी दिंडीच्या शिदोरीला आणि वाटेवरच्या अन्नदानाला पाकिटं नेली आहेत. पालख्या वाटेत आहेत, माउलींची पालखी येत्या काही दिवसांत लोणंद-फलटणकडे येईल, आणि पंगतीत बसणाऱ्याला पाकीट दिसत नाही, फक्त पानावरची चटणी दिसते. तुमच्या ओळखीच्या दिंडीत किंवा मंडळात ही चटणी गेली असेल तर स्वयंपाक पाहणाऱ्या व्यक्तीला हा निरोप फोनवर सांगा. बदली चटणी हवी असेल तर ती आम्ही वाटेवर आणून देऊ, आषाढी एकादशीपर्यंत, म्हणजे 6 जुलैपर्यंत.

हे झालं कसं, ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. 9 जूनला आमच्याकडे दोन्ही चटण्या एकाच टेबलावर पॅक झाल्या. आधी खोबऱ्याची, मग शेंगदाण्याची. मध्ये पाकिटं बदलताना खोबऱ्याच्या रिकाम्या पाकिटांचा एक गठ्ठा टेबलावरच राहिला आणि त्यात शेंगदाण्याची चटणी भरली गेली. शुक्रवारी, 20 तारखेला, एका ग्राहक ताईंनी खोबऱ्याच्या चटणीत दाण्याची फाक लागल्याचं फोटोसह कळवलं. त्या संध्याकाळी विक्री थांबवली. रात्री स्टॉक जुळवला तर शेंगदाणा चटणीची पाकिटं नोंदीपेक्षा 36 कमी आणि खोबऱ्याची तेवढीच जास्त निघाली. राखून ठेवलेल्या नमुन्यांपैकी एकात दाण्याचा कूट सापडला, तेव्हा शंका उरली नाही.

बॅचची एकूण पाकिटं 640. त्यातली 151 आमच्याकडेच होती आणि 268 दुकानांतून आज सकाळपर्यंत परत आली. ही सगळी फोडून पाहिली, 23 पाकिटांत शेंगदाणा निघाला. 97 पाकिटं कुरिअरने गेली होती, त्या प्रत्येक घरी आम्ही फोन करत आहोत. राहिली 124, जी दुकानांतून थेट विकली गेली आणि ज्यांच्या घेणाऱ्यांची नावं आमच्याकडे नाहीत. ही पोस्ट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. हिशेबाने 13 चुकीची पाकिटं अजून बाहेर आहेत. आकडा लहान आहे, पण ती कोणती ते बाहेरून कळत नाही, म्हणून 214चं प्रत्येक पाकीट परत हवं.

पुष्कळ घरांत या चटणीत दाणे घालतात. आम्ही घालत नाही, आणि काही कुटुंबं नेमकं त्यासाठीच आमची चटणी घेतात. त्यांनी लेबल वाचून विश्वास ठेवला होता. पाकिटावर ‘शेंगदाणा हाताळणाऱ्या ठिकाणी तयार केलेले’ अशी ओळ आहे, पण तिच्याकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही. ती ओळ चुकून लागलेल्या कणाबद्दल असते, अख्खं पाकीट शेंगदाण्याचं निघण्याबद्दल नव्हे. शेंगदाणा घटकांत असेल तर तो लेबलवर स्पष्ट लिहिणं 2020च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे. ही जबाबदारी आमची आहे, आणि आम्हाला तिचं वाईट वाटतं. अन्न व औषध प्रशासनाला आम्ही लेखी कळवलं आहे.

खोबऱ्याच्या चटणीचं पॅकिंग सध्या बंद आहे. सुरू होईल तेव्हा शेंगदाण्याचं काम त्या दिवशी होणार नाही, चटणी बदलताना आधीची सगळी पाकिटं मोजून कपाटात कुलपात जातील, आणि प्रत्येक बॅचचं पहिलं, मधलं आणि शेवटचं पाकीट फोडून पाहिल्याशिवाय माल बाहेर पडणार नाही. 9 जूनला पॅक झालेली शेंगदाणा चटणीही आम्ही तपासली, तिच्या पाकिटांत शेंगदाणाच आहे. जवस, कारळं आणि तीळ चटणी वेगळ्या दिवशी पॅक झाल्या होत्या, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

मेसेज रोज सकाळी 8 ते रात्री 10 पाहिले जातील, पाकिटामागच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोनही याच वेळेत घेतला जाईल. ॲलर्जीचा त्रास झाला असेल तर मेसेजच्या सुरुवातीला ‘त्रास’ असं लिहा, तो आधी उघडला जाईल. किती पाकिटं परत आली आणि किती राहिली, हे बुधवारी, 25 जूनला संध्याकाळी 6 वाजता याच खात्यावर लिहू.