प्रकल्प अहवाल सादर करण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : 8 सप्टेंबर 2025

प्रति,
माननीय प्रकल्प मार्गदर्शक मॅडम,
वनस्पतिशास्त्र विभाग

विषय : आजारपणामुळे प्रकल्प अहवाल सादर करण्याची मुदत 12 सप्टेंबरऐवजी 22 सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळण्याबाबत.

माननीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी पदव्युत्तर द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून 'ऊन आणि सावलीतील पानांच्या पर्णरंध्र घनतेची तुलना' हा प्रकल्प आपल्या मार्गदर्शनाखाली करीत आहे. त्याचा अहवाल येत्या शुक्रवारी, 12 सप्टेंबर रोजी द्यायचा आहे. डेंग्यूमुळे माझे प्रयोगशाळेतील काम मध्येच थांबले व त्यातील एक भाग अद्याप व्हायचा आहे. तेवढ्या भागासाठी मला सोमवार, 22 सप्टेंबरपर्यंत मुदत मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हा अर्ज लिहीत आहे.

मला 22 ऑगस्ट रोजी ताप आला आणि रक्ताच्या एनएस-1 चाचणीतून डेंग्यूचे निदान झाले. ताप उतरला तेव्हा घरच्यांना हायसे वाटले होते. परंतु या आजारात ताप उतरण्याच्या सुमारासच प्लेटलेट झपाट्याने खाली येऊ शकतात, आणि माझ्या बाबतीत त्या 58,000 पर्यंत आल्यामुळे डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल करून घेतले. आता त्या पुन्हा दीड लाखाच्या वर गेल्या आहेत. आजपासून महाविद्यालयात येण्यास डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, मात्र अशक्तपणा पूर्ण गेलेला नसल्याने सलग फार वेळ बसून काम करू नये, असेही प्रमाणपत्रात लिहून दिले आहे.

या काळात मला काहीच करता आले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. घरी आल्यानंतर थोडे थोडे वाचन जमत होते, त्यामुळे प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संदर्भसूची ही प्रकरणे मी पूर्ण केली. जास्वंद आणि सदाफुली या दोन्ही वनस्पतींची मोजणी आजारपणाच्या आधीच झाली होती व त्यांचे तक्ते तयार आहेत. अडले आहे ते सूक्ष्मदर्शकाचे काम. डेंग्यूत डोळ्यांच्या मागच्या बाजूला जी ठणक लागते, तिच्यामुळे नेत्रिकेला डोळा लावून बारीक रंध्रे मोजणे मला शक्यच नव्हते. ती ठणक आता राहिलेली नाही.

राहिलेला भाग तगरीचा आहे. आपण दाखवल्याप्रमाणे पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर चिकटपट्टीने अलगद सोलून मी ऑगस्टमध्येच ठसे घेतले होते. उन्हातील पानांचे ठसे चांगले आले आहेत, पण सावलीतील पानांच्या बहुतेक ठशांना सुरकुत्या पडल्या असून सुरकुतीच्या जागी रंध्राची कड आणि शेजारच्या पेशीची भिंत वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे नवे ठसे घ्यावे लागतील. केवळ सावलीतील पाने आता घेऊन त्यांची तुलना ऑगस्टमधील उन्हाच्या पानांशी केली, तर जो फरक दिसेल तो प्रकाशाचा की पानांच्या वयाचा व बदललेल्या हवामानाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून दोन्ही प्रकारची पाने त्याच झुडपावरून एकाच सकाळी घ्यावीत, असे मला वाटते. तगरीचे नमुने इतर दोन वनस्पतींपेक्षा उशिरा घेतले आहेत, ही नोंद कारणासह कार्यपद्धतीच्या प्रकरणात देईन.

मुदतीचा हिशेब असा आहे. प्रत्येक प्रकारची 10 पाने आणि प्रत्येक पानावर 5 दृश्यक्षेत्रे धरली, तर एकूण 100 क्षेत्रे मोजावी लागतील. 400 पट वर्धनावर एका सत्रात साधारण 25 क्षेत्रे नीट मोजून होतात, म्हणजे मोजणीलाच चार सत्रे लागतील. डॉक्टरांच्या सूचनेमुळे दिवसातून एकच सत्र घेण्याचा विचार आहे. पाने आणून ठसे घेण्याचे काम 10 सप्टेंबरला आणि मोजणी 11 ते 15 सप्टेंबरच्या दरम्यान होऊ शकेल. उरलेल्या दिवसांत सांख्यिकीय विश्लेषण, चर्चेचे प्रकरण आणि एकदा संपूर्ण वाचन एवढे बसते. यापेक्षा जास्त दिवसांची मला गरज नाही.

तगर वगळून दोनच वनस्पतींवर अहवाल शुक्रवारी देता येईल का, याचाही मी विचार केला. तसे केल्यास मंजूर झालेल्या आराखड्यातील एक भागच गळेल, आणि तो बदल आपल्या संमतीशिवाय करणे मला योग्य वाटत नाही. आहेत त्या अर्धवट ठशांवरून अंदाजे आकडे भरून तक्ता पूर्ण दाखवणे तर मला मुळीच मान्य नाही. मात्र मुदतवाढ देणे नियमात बसत नसेल आणि दोन वनस्पतींचा अहवाल चालणार असेल, तर तसे कळवावे. मी तो 12 तारखेलाच देईन.

आपली हरकत नसल्यास पूर्ण झालेली प्रकरणे आणि दोन वनस्पतींचे तक्ते मी ठरलेल्या दिवशीच, शुक्रवारी, आपल्याकडे देईन, म्हणजे सगळे वाचन आपल्यावर एकदम येणार नाही. तोंडी परीक्षा 26 सप्टेंबरला आहे व ती पुढे ढकलावी अशी माझी विनंती नाही. उशिरा दिलेल्या अहवालाचे गुण कमी करण्याचा विभागाचा नियम माझ्या बाबतीत लागू होत असेल, तर तो मला मान्य राहील.

आणखी एक लहानशी विनंती आहे. 11 ते 15 सप्टेंबरच्या दरम्यान, प्रात्यक्षिकांचे वर्ग नसतील त्या वेळी, प्रयोगशाळेतील खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक वापरण्याची परवानगी मिळावी. आधीची सगळी मोजणी त्याच सूक्ष्मदर्शकावर झाली असून दृश्यक्षेत्राचे क्षेत्रफळही त्याच्याच मापाने, 0.16 चौरस मिलिमीटर इतके, काढलेले आहे. दुसरे उपकरण घेतल्यास ते माप पुन्हा काढावे लागेल.

आपला निर्णय बुधवारी सकाळपर्यंत कळल्यास त्याच दिवशी पाने आणता येतील. प्रत्यक्ष भेटून काही विचारायचे असल्यास मी उद्या दुपारी तासिका संपल्यानंतर विभागात हजर राहीन.

कळावे,

आपली विद्यार्थिनी,
मृण्मयी
पदव्युत्तर द्वितीय वर्ष, वनस्पतिशास्त्र
हजेरी क्रमांक 17

सोबत : डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रक्ततपासणीचे अहवाल, रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा कागद आणि जास्वंद व सदाफुली यांच्या मोजणीचे तक्ते.