झटपट कर्जाच्या ॲपची गोपनीयता सूचना, साध्या मराठीत

तायांनो,

गटाच्या व्हॉट्सॲपवर गेल्या आठवड्यात कर्जाच्या ॲपची लिंक फिरली. आधार, पॅन आणि एक सेल्फी, की ५०,००० रुपये खात्यात. ॲप मराठीत आहे, पण गोपनीयता सूचना इंग्रजीत, आणि 'मी सहमत आहे' दाबलं की ती आपण मान्य केली असं धरलं जातं. म्हणून ती सूचना मराठीत उतरवून काढली. कंपनी काय म्हणते ते आधी, माझी टीप त्याखाली. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशी दुसरी लिंक उद्या येईलच.

कलम १. आम्ही कोणती माहिती घेतो

नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन, आधार, बँक खातं, पगार किंवा धंद्याचं उत्पन्न, तुमचा फोटो. शिवाय फोन कुठल्या कंपनीचा, त्यात कोणकोणती ॲप्स आहेत, आणि तुम्ही आमचं ॲप कधी व किती वेळ वापरता.

टीप: पहिला भाग ठीक. कर्ज देणाऱ्याला तुम्ही कोण हे कळायलाच हवं. फोनमधल्या ॲप्सची यादी मात्र खटकते. दुसऱ्या किती कर्ज-ॲप्सकडून तुम्ही पैसे घेतलेत, हे त्यावरून ताडता येतं. कुठल्या देवाचं, कुठल्या आजाराचं, कुठल्या पक्षाचं ॲप आहे हेही त्याच यादीत दिसतं.

कलम २. एसएमएस

तुमची आर्थिक स्थिती समजून घेण्यासाठी आम्ही फक्त आर्थिक व्यवहारांचे संदेश वाचतो. खासगी संदेश वाचत नाही.

टीप: इथे जरा थांबा. ही परवानगी दिली की ॲपला अख्खा इनबॉक्स उघडा होतो. बँकेचे तेवढे दाखव आणि नणंदेचे झाक, अशी सोय अँड्रॉइडमध्ये नाही. 'फक्त आर्थिक' हा कंपनीने दिलेला शब्द आहे, फोनने घातलेलं कुलूप नव्हे. समजा इनबॉक्समध्ये एवढंच आहे: दूध संघाचे ४,२०० जमा, मेडिकल दुकानात ६८० खर्च, पतसंस्थेचा हप्ता थकल्याची आठवण, आणि बँकेचा ओटीपी. चारच संदेश, पण घरात पैसा कुठून येतो, कोण आजारी आहे आणि कुठे ओढाताण आहे, सगळं कळलं. ओटीपीचं तर सांगायलाच नको. उत्पन्न दाखवायचं असेल तर बँकेचं स्टेटमेंट देता येतं. तो पर्याय ॲपमध्ये नसेल तर का नाही, हे विचारा.

कलम ३. संपर्क यादी, कॉल लॉग, फोटो व फाइल्स

आपत्कालीन संपर्क सुचवण्यासाठी, फसवणूक रोखण्यासाठी आणि कागदपत्रं अपलोड करण्यासाठी आम्ही तुमची संपर्क यादी, कॉल नोंदी व फोनमधली साठवण पाहू शकतो.

टीप: याला सरळ नकार. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या मार्गदर्शक तत्त्वांतच सांगितलंय, की कर्जाच्या ॲपने फाइल्स व मीडिया, संपर्क यादी, कॉल नोंदी यांना हात लावायचा नाही. २०२५ च्या निर्देशांतही हे कायम आहे. गूगल प्लेनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना संपर्क आणि फोटो बघायला बंदी केली. म्हणजे हे कलम ज्या सूचनेत आहे, तिथे एकतर नियम धाब्यावर बसवलाय किंवा जुना मजकूर तसाच चिकटवलाय. दोन्हीपैकी काहीही असो, मी पैसे घेणार नाही.

हा नियम आला त्यामागे कारण आहे. हप्ता चुकला की वसुलीवाले संपर्क यादीतल्या माणसांना फोन करायचे, फोटोंत फेरफार करून पाठवायचे. जामिनाला दोन नावं हवी असतील तर ती हाताने टाइप करता येतात, त्यासाठी माहेरचे, सासरचे आणि अंगणवाडीतले सगळे नंबर द्यायची गरज नाही. आणि त्या बायकांनी कुठे होकार दिलाय?

कलम ४. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन

ओळख पडताळणीसाठी व सेवा सुधारण्यासाठी आम्ही यांचा वापर करू.

टीप: केवायसीपुरता, एकदाच आणि तुमच्या स्पष्ट होकाराने वापर चालतो, असं रिझर्व्ह बँकच म्हणते. फोनने विचारलं की "Only this time" निवडा. "Allow all the time" असं लोकेशनसाठी मागितलं तर नाही म्हणा; तुम्ही बाजारात आहात की शेतावर, याचा हप्त्याशी संबंध नाही. 'सेवा सुधारण्यासाठी' हे शब्द सूचनेत सात-आठ ठिकाणी आलेत आणि त्यांचा अर्थ एकाही ठिकाणी दिलेला नाही.

कलम ५. माहिती कोणाला देतो

आमच्या समूहातील कंपन्या, कर्जदाते, वसुली संस्था, विश्लेषण व जाहिरात भागीदार, आणि कायद्याने मागितल्यास सरकारी यंत्रणा.

टीप: कर्जदात्याचं नाव कुठे आहे? पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी कोण, हे स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, आणि ॲपमधून माहिती गोळा करणाऱ्या इतरांची नावंही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज-ॲप्सची यादी आहे, तिच्यात हे ॲप आणि त्याचा कर्जदाता सापडतो का ते आधी बघा.

कलम ६. किती दिवस ठेवतो, आणि बदल

गरज असेपर्यंत ठेवतो. सूचना बदलू शकते. ॲप वापरत राहिलात म्हणजे बदल मान्य.

टीप: गरज कोणाची, ते लिहिलेलं नाही. संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तुम्हाला आहे, सूचनेत त्याचा एक शब्दही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर ही सूचना मराठीतही वाचायला मिळण्याची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमती आणि सूचनेबद्दलची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्याच कायद्यात एक उदाहरण आहे: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादी मागितली आणि बाईने हो म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ल्याला यादी लागत नाही.

ज्यांनी ॲप आधीच टाकलंय

नुसतं काढून टाकून भागत नाही, वर गेलेली माहिती तिकडेच राहते. आधी सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग त्या ॲपचं नाव, मग परवानग्या, असं जाऊन एसएमएस, संपर्क, लोकेशन बंद करा. 'ॲक्सेसिबिलिटी'मध्येही एकदा बघा; तिथे या ॲपचं नाव असेल तर ते पडद्यावरचं वाचू शकतं, कर्जाला त्याची काहीच गरज नाही. मग ॲपमध्ये दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर हे पाठवा:

"मी माझी संपर्क यादी, एसएमएस, फोटो आणि लोकेशन वापरण्याची संमती मागे घेत आहे. आतापर्यंत घेतलेली ही माहिती पुसून टाकावी आणि ती कोणाकोणाला दिली, हे लेखी कळवावे."

कर्ज चालू असेल तर हप्ता भरणं थांबवू नका, संमती आणि हप्ता वेगळे आहेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. आणि कुणी धमकावलं, फोटो पाठवले, तर थांबायचं नाही: लगेच १९३० ला फोन किंवा cybercrime.gov.in. धमकीचे स्क्रीनशॉट पुसू नका.

गुरुवारच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा, परवानग्या तिथेच बघू.

तुमची,
गटाची सचिव