वरिष्ठ डेटा इंजिनिअर पदासाठी रेझ्युमे

उमेदवार क्रमांक: डीई-४१७
अर्जाचा महिना: नोव्हेंबर २०२५
पहिल्या फेरीच्या नियमानुसार नाव, पत्ता आणि आजवरच्या कंपन्यांची नावे वगळली आहेत.

## थोडक्यात

डेटा पाइपलाइनच्या कामाचा नऊ वर्षांचा अनुभव. त्यातला मोठा भाग नव्या पाइपलाइन उभारण्यापेक्षा असलेल्या भरवशाच्या आणि स्वस्त करण्यात गेला, आणि मला पुढेही हेच काम करायचे आहे. सध्या ऑनलाइन पेमेंट क्षेत्रात रोज सुमारे ६२ कोटी इव्हेंट घेणाऱ्या प्लॅटफॉर्मची तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे आहे. सोबत पाच इंजिनिअर आहेत.

वेळ कमी असेल तर एवढेच वाचावे:

- सकाळी ६ ची सेटलमेंट फाइल २०२२ मध्ये ३६५ पैकी ३३५ दिवस वेळेवर गेली, २०२४ मध्ये ३६६ पैकी ३६४ दिवस.
- २०२२ ची शेवटची तिमाही आणि २०२४ ची शेवटची तिमाही यांत डेटा १.७ पट झाला, तरी प्लॅटफॉर्मचे एकूण बिल ३८ टक्क्यांनी उतरले.
- रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत ऑन-कॉल माणसाला उठवणारे अलर्ट महिन्याला सरासरी २३ होते, ते ४ वर आले.

वेळेचे आकडे एअरफ्लोच्या मेटाडेटा डेटाबेसमधून, खर्चाचे क्लाउडच्या मासिक बिलातून काढले आहेत. बिलात लोकांचा पगार आणि परवाना शुल्क धरलेले नाही.

## अनुभव

### वरिष्ठ डेटा इंजिनिअर, ऑनलाइन पेमेंट सेवा
जून २०२१ पासून आजपर्यंत

इव्हेंट पाइपलाइन. मोबाइल ॲप आणि सर्व्हरवरचे इव्हेंट काफ्कातून स्पार्क स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंगने आइसबर्ग टेबलांत. सरासरी सेकंदाला ७ हजार इव्हेंट, गर्दीच्या वेळी ३० हजार. रोजचा कच्चा जेसन सुमारे १.१ टीबी, पार्केट आणि झेडस्टँडर्डमध्ये तोच १४० जीबी होतो. लेकमध्ये एकूण ३१० टीबी.

यातला अवघड भाग उशिरा येणाऱ्या इव्हेंटचा. फोन दोन-तीन दिवस नेटवर्कबाहेर राहतो आणि मग साठलेले सगळे एकदम पाठवतो. वॉटरमार्क ४८ तासांवर ठेवला, त्यापलीकडचे इव्हेंट फेकून न देता वेगळ्या टेबलात घेतले आणि रोज एकदा `MERGE` ने मूळ टेबलात मिसळले. डुप्लिकेट ओळखायला `event_id`, कारण वेळेच्या शिक्क्यावर विसंबणे म्हणजे वापरकर्त्याच्या फोनमधल्या घड्याळावर विसंबणे.

डेटाबेसमधले बदल टिपणे. पोस्टग्रेसमधली २१२ टेबले पूर्वी रोज रात्री पूर्ण उपसली जात. त्याऐवजी डेबेझियमने वॉल लॉगमधून बदल उचलायला सुरुवात केली. विश्लेषणाच्या टेबलांमधला डेटा एक दिवस जुना असायचा, आता पाच मिनिटांच्या आत येतो आणि मूळ डेटाबेसवरचा रात्रीचा ताण संपला. कनेक्टर बंद पडला तर रेप्लिकेशन स्लॉट वॉल अडवून धरतो आणि मूळ डेटाबेसची डिस्क भरते, म्हणून `max_slot_wal_keep_size` ची मर्यादा, हार्टबीट टेबल आणि स्लॉटच्या मागे राहण्यावर अलर्ट हे तिन्ही पहिल्या दिवसापासून लावले. डीबीए मंडळींची परवानगी मिळाली ती याच अटीवर.

सेटलमेंट. कंपनीतली सगळ्यात महत्त्वाची पाइपलाइन. व्यापाऱ्यांचे पैसे हिच्या फाइलवर सुटतात. एकट्या एका व्यापाऱ्याचे व्यवहार १८ टक्के असल्याने स्पार्क जॉइनमधला एक टास्क तासन्‌तास रेंगाळे. त्या कीला सॉल्टिंग केले, लहान टेबले ब्रॉडकास्ट केली, स्पार्क ३.२ वर जाऊन ॲडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन नीट बसवले. जॉब ३ तास ४० मिनिटांवरून ५२ मिनिटांवर आला. वेळेवर फाइल जाण्यात सुधारणा झाली तिचे निम्मे श्रेय या मोकळ्या वेळेला आहे: पहाटे काही बिघडले तरी दुसऱ्यांदा चालवायला आता जागा उरते.

फाइल बाहेर जाण्याआधी मूळ लेजरशी व्यवहारांची संख्या आणि रकमेची बेरीज ताडून पाहिली जाते. एका पैशाचा फरक असला तरी फाइल अडते. हा नियम सैल करण्याची मागणी अधूनमधून होते. आजवर केलेला नाही.

शेड्युलिंग. तीन मशीनवर विखुरलेले क्रॉन जॉब एकत्र करून एअरफ्लोवर आणले. आज १८७ डॅग, रोज सुमारे ४,६०० टास्क. प्रत्यक्षात फरक पाडणारे बदल असे:

- प्रत्येक टास्क कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच. `data_interval_start` वरून पार्टिशन ठरते आणि ते पूर्ण बदलले जाते. कोडमध्ये "आजची तारीख" विचारायला मनाई. त्यामुळे जुने तीन महिने पुन्हा चालवणे हे आता आठवडाभराचे प्रकरण राहिले नाही, एका संध्याकाळचे काम झाले.
- फाइलची वाट पाहत वर्कर अडवून बसणारे सेन्सर डिफरेबल केले. गर्दीच्या तासात ४० टक्के स्लॉट नुसते वाट पाहण्यात जात होते.
- "वरचा जॉब दोनपर्यंत संपेलच" या भरवशावर लावलेल्या वेळा काढून, २.४ मध्ये डेटासेट आल्यावर, डेटा तयार झाला की पुढचा डॅग सुरू अशी रचना केली.
- मूळ डेटाबेस आणि वेअरहाउस दोन्हींसाठी पूल ठरवले, म्हणजे बॅकफिलच्या नादात रोजचे काम उपाशी राहत नाही.

२०२५ मध्ये एअरफ्लो २.१० वरून ३ वर स्थलांतराचे नेतृत्व केले. `execution_date` हटवणे कंटाळवाणे होते, अवघड नव्हे. खरी अडचण ११ डॅगची होती, ज्यांतले टास्क मेटाडेटा डेटाबेसला थेट क्वेरी करत. आवृत्ती ३ मध्ये टास्कना तो मार्ग बंद आहे. ते सगळे रेस्ट एपीआयवर नेले. स्थलांतराच्या काळात सेटलमेंटची एकही फाइल चुकली नाही.

भरवसा. स्कीमा रजिस्ट्रीत `BACKWARD` सुसंगतता सक्तीची केली, त्यामुळे ॲप टीमने फील्ड बदलले तर बिल्डच अडतो, आमची पाइपलाइन पहाटे पडत नाही. महत्त्वाच्या ६४ टेबलांना लेखी डेटा करार आणि नाव लावलेला मालक. डीबीटीच्या चाचण्या सुमारे ९००, पण त्यातल्या फक्त ७० काम थांबवतात. बाकीच्या सकाळच्या अहवालात जातात. अलर्ट कमी झाले ते मुख्यतः या वर्गवारीमुळे. बिघाड दुरुस्तीचा सरासरी वेळ ९५ मिनिटांवरून २५ मिनिटांवर; रात्री उठवणाऱ्या प्रत्येक अलर्टला रनबुक असलेच पाहिजे, नसेल तर तो अलर्ट काढला जातो.

खर्च. ३८ टक्क्यांची फोड, एकूण जुन्या बिलाच्या हिशोबाने:

| काय केले | बचत |
|---|---|
| दर मिनिटाच्या कमिटमुळे साचलेल्या ३ एमबीच्या फाइली २५६ एमबीपर्यंत जोडल्या, जुने स्नॅपशॉट काढले, पार्टिशन नव्याने ठरवले | १४ टक्के |
| बॅच जॉब स्पॉट मशीनवर, ड्रायव्हर मात्र कायमच्या मशीनवर | ११ टक्के |
| वेअरहाउसचा ऑटो-सस्पेंड १० मिनिटांवरून ६० सेकंदांवर, कोणी न उघडणारे डॅशबोर्ड बंद | ९ टक्के |
| ९० दिवसांपुढचा कच्चा जेसन स्वस्त स्टोरेज वर्गात | ४ टक्के |

सेटलमेंटचे जॉब स्पॉटवर नेले नाहीत. तिथे आणखी दोनेक टक्के वाचले असते, पण पहाटे पाचला मशीन काढून घेतले गेले तर त्या बचतीला अर्थ नाही. प्रत्येक जॉबला टीमचा टॅग लावून मासिक खर्च टीमनिहाय दाखवायला सुरुवात केली. डॅशबोर्ड बंद करण्याबाबतचे वाद त्यानंतर आपोआप मिटले.

### डेटा इंजिनिअर, मालवाहतूक तंत्रज्ञान
ऑक्टोबर २०१८ ते मे २०२१

- ८,५०० वाहनांची जीपीएस पाइपलाइन: धावत्या वाहनाकडून दर १० सेकंदांनी एक नोंद, रोज साडेतीन कोटींच्या आसपास. सगळ्या वेळा यूटीसीत साठवल्या, स्थानिक वेळ फक्त अहवालाच्या थरात. टाइम झोन ओलांडणाऱ्या फेऱ्या आधी उलट्या क्रमाने दिसत.
- २४ नोडच्या हडूप क्लस्टरवरून ८६ टीबी क्लाउडवर. सहा आठवडे दोन्ही बाजू समांतर चालवल्या आणि रोजच्या निकालांची टेबलनिहाय तुलना केली. फरक शून्यावर आल्याशिवाय जुने क्लस्टर बंद केले नाही. चालवण्याचा खर्च २७ टक्क्यांनी कमी.
- ऊझीचे ५८ वर्कफ्लो एअरफ्लो १.१० वर आणले. एक्सएमएल हाताने लिहिण्यातून टीमची सुटका झाली.
- पोहोचण्याच्या अंदाजित वेळेच्या मॉडेलला लागणारी फीचर टेबले तयार केली. मॉडेल डेटा सायंटिस्टांचे, माझे नव्हे.

### ईटीएल डेव्हलपर, रिटेल विश्लेषण
ऑगस्ट २०१६ ते सप्टेंबर २०१८

३४० दुकानांची रोजची विक्री एसक्यूएल सर्व्हरच्या वेअरहाउसमध्ये. एसएसआयएस पॅकेज आणि एसक्यूएल सर्व्हर एजंटचे शेड्युल. पूर्ण लोडऐवजी फक्त बदललेल्या ओळी घेऊन रात्रीचे काम ४ तासांवरून १ तास १० मिनिटांवर आणले. किमती आणि वस्तूंच्या वर्गांसाठी टाइप २ डायमेन्शन.

## साधने

रोजच्या हातातली: पायथन, एसक्यूएल, स्पार्क, काफ्का, एअरफ्लो, डीबीटी, आइसबर्ग, डेबेझियम, पोस्टग्रेस, एडब्ल्यूएस, टेराफॉर्म, कुबरनेटिस, ग्राफाना.

कामापुरती: फ्लिंक (एक प्रायोगिक जॉब, प्रॉडक्शनमध्ये नाही), स्काला (वाचता येते, दुरुस्ती करता येते), डॅगस्टर.

येत नाहीत: मशीन लर्निंग मॉडेल बनवणे आणि फ्रंटएंड. या पदाच्या जाहिरातीत मॉडेल सर्व्हिंगचा उल्लेख आहे. त्याची डेटाची बाजू सांभाळू शकेन, बाकीचे शिकावे लागेल.

## शिक्षण आणि प्रमाणपत्र

संगणक अभियांत्रिकीतील पदवी, २०१६.
एडब्ल्यूएस सर्टिफाइड डेटा इंजिनिअर – असोसिएट, २०२४.

## इतर

दोन कनिष्ठ इंजिनिअरना गेल्या तीन वर्षांत स्वतंत्रपणे ऑन-कॉल घेण्यापर्यंत आणले. नव्या पाइपलाइनचा डिझाइन दस्तऐवज दोन पानांपेक्षा मोठा नसावा आणि त्यात "हे बंद पडले तर कोणाला कळेल" याचे उत्तर असावे, हा नियम टीमने माझ्या आग्रहाने स्वीकारला.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी. नोटिस कालावधी ६० दिवस. आळीपाळीने रात्रीचा ऑन-कॉल मान्य आहे. मुलाखतीत सेटलमेंट पाइपलाइनची रचना फळ्यावर काढून दाखवता येईल; कंपनीची गोपनीय आकडेवारी आणि व्यापाऱ्यांची नावे सांगता येणार नाहीत. संदर्भासाठी दोन माजी वरिष्ठांची संमती घेतलेली आहे, त्यांचे तपशील दुसऱ्या फेरीत देईन.