जमिनीला हात टेकत नसले तरी चालेल: ७ दिवसांची ऑनलाइन योग कार्यशाळा, नागपूर

नोंदणी शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, रात्री ९ पर्यंत 🧘

सोमवार १९ ते रविवार २५ जानेवारी, रोज ४५ मिनिटं, झूमवर, मराठीतून. सकाळी ६.१५ किंवा रात्री ८.१५, दोन्ही वेळी तोच वर्ग. मिहानहून किंवा हिंगण्याहून घरी यायला उशीर होणाऱ्यांसाठी रात्रीची बॅच मुद्दाम ठेवली आहे. एखाद्या दिवशी सकाळ हुकली तर त्याच रात्री बसा.

शुल्क ६०० रुपये. एका बॅचमध्ये २० जण, त्याहून जास्त नाही. पडद्यावर प्रत्येकाचा गुडघा आणि पाठ दिसली नाही तर चूक सांगणार कशी?

हा वर्ग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. पहिले दोन दिवस फक्त सांधे मोकळे करणं, ताडासन, मार्जरासन आणि श्वास. सूर्यनमस्कार तिसऱ्या दिवशी, तेही ३ आणि सावकाश, रविवारपर्यंत ६. जानेवारीतल्या सकाळी आपल्याकडे अंग आखडलेलं असतं, म्हणून सकाळच्या बॅचला सुरुवातीची १० मिनिटं फक्त अंग तापवण्यासाठी. ती चुकवून थेट आसनाला येऊ नका, मांडीचा मागचा स्नायू तिथेच धरतो.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची नेहमीची अडचण पश्चिमोत्तानासनात दिसते. मांडीमागचे स्नायू आखडलेले, त्यामुळे कंबर जागची हलत नाही आणि माणूस पाठीला कुबड काढून पायाचा अंगठा धरायला जातो. ताण सगळा कमरेच्या मणक्यांवर. आम्ही घडी केलेल्या चादरीवर बसवतो, गुडघे थोडे वाकवायला लावतो आणि पोट मांडीकडे न्यायला सांगतो. अंगठा राहू द्या. भुजंगासनात उलटं होतं: हातांच्या जोरावर छाती उचलली जाते, खांदे कानाला लागतात आणि कंबर दुखते. पहिल्या आठवड्यात कोपर वाकलेलेच ठेवा, बेंबी जमिनीलगत. वृक्षासनात तळपाय गुडघ्यावर टेकवू नका. मांडीवर नाही पोचला तर पोटरीवर ठेवा, एक हात भिंतीला.

शुक्रवारी खुर्चीवरचा १० मिनिटांचा क्रम शिकवू, तो ऑफिसच्या कपड्यांत होतो. (चाकांची खुर्ची भिंतीला टेकवून घ्या, नाहीतर ती निघून जाते.)

अनुलोम-विलोम ४ आकड्यांत आत, ६ आकड्यांत बाहेर. श्वास रोखायचा नाही. कपालभाती या वर्गात नाही. ७ दिवसांत ती घाईने शिकवण्यापेक्षा साधा श्वास नीट जमणं बरं. शेवटी ५ मिनिटं शवासन, आणि तेव्हाच ऑफिसचे मेसेज बघायला उठणारे बरेच असतात. उठू नका.

काय लागेल: ६ फूट बाय २ फूट मॅट (गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून खाली मॅट हवीच), एक जाड चादर, एक उशी, एक पक्की खुर्ची. जेवणानंतर ३ तास मोकळे सोडा. रात्रीच्या बॅचवाल्यांनी संध्याकाळी ५ च्या सुमारास हलकं खावं आणि जेवण वर्गानंतर. तर्री-पोहे वर्गाच्या आधी नकोत, पोटात जळजळ होऊन पुढे वाकता येत नाही.

मोबाइल आडवा, मॅटच्या बाजूला ६-७ फुटांवर, स्टुलावर गुडघ्याएवढ्या उंचीवर. मागे खिडकी असेल तर तुम्ही काळी सावली दिसता, उजेड समोरून घ्या. वायरचा इयरफोन नको, मानेत अडकतो. कॅमेरा सुरू ठेवावा लागेल, मात्र वर्गाचं रेकॉर्डिंग होत नाही.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, स्लिप डिस्क किंवा गेल्या ६ महिन्यांतली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्ममध्ये लिहा. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं तुम्हाला देणार नाही, त्याऐवजी बसून करायचा क्रम देऊ. गर्भवतींनी या बॅचला येऊ नये, त्यांचा क्रम वेगळा असतो.

नोंदणी कशी: प्रोफाइलमधल्या लिंकवर फॉर्म भरा, तब्येतीचे रकाने रिकामे सोडू नका, शुल्क यूपीआयने भरून पावतीचा स्क्रीनशॉट तिथेच जोडा. शनिवारी १७ तारखेला आम्ही प्रत्येक फॉर्म वाचून गरजेप्रमाणे फोन करतो, म्हणून शुक्रवारी रात्री ९ नंतर आलेला फॉर्म घेता येणार नाही. रविवारी १८ ला संध्याकाळी ७ वाजता २० मिनिटं कॅमेऱ्याची चाचणी. झूमची लिंक त्याआधी व्हॉट्सॲपवर मिळेल.

यायचं नाही असं ठरलं तर १६ तारखेपर्यंत कळवा, पूर्ण पैसे परत.

#नागपूर #ऑनलाइनयोग #नवशिक्यांसाठीयोग #ऑफिसयोग